रुद्रपूरची शाळा : मातीच्या भिंतीखालची वीट

बांगलादेशातील दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर नावाचे खेडे आहे. तेथे २००५ साली दीपशिखा या संस्थेच्या 'मेटी' शाळेसाठी एक दुमजली इमारत बांधली गेली. खालचा मजला मातीचा, वरचा बांबूचा. आना हेरिंगर या वास्तुरचनाकार स्त्रीने लिन्झ येथील आपल्या पदविकेसाठी तिचा आराखडा केला होता आणि आयके रोसवाग या तिच्या सहकाऱ्याने तांत्रिक बाजू सांभाळली. २००७ साली या इमारतीला वास्तुकलेसाठीचा आगाखान पुरस्कार मिळाला. तेव्हापासून जगभरच्या नियतकालिकांत तिची छायाचित्रे छापून येतात. जाड मातीच्या भिंती, त्यांत मुलांना शिरून बसता येतील अशा गुहा, वर बांबूच्या पट्ट्यांतून झिरपणारा उजेड, आणि छताला बांधलेल्या रंगीत साड्या. मराठीतही 'पर्यावरणपूरक' घरांवर लेख आला की हे चित्र हटकून सोबत असते.

चित्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्याखालच्या मजकुराबद्दल आहे. ही इमारत 'फक्त माती आणि बांबूची' आहे असे त्यात लिहिलेले असते, आणि ते खरे नाही. ती कुटलेल्या मातीची आहे असेही कोणी लिहितो, तेही खरे नाही. गेली काही वर्षे मी या इमारतीचे प्रसिद्ध झालेले नकाशे, छेद आणि बांधकामाचे वर्णन वाचतो आहे, आणि आपल्याकडच्या पांढरीच्या भिंती व बांबूची कामे त्यांच्याशी ताडून पाहतो आहे. त्यातून माझे एक मत बनले आहे. या शाळेची खरी बुद्धी छायाचित्रात न येणाऱ्या चार-पाच गोष्टींत आहे, आणि त्या वगळून कोणी आपल्या गावात अंगणवाडीची खोली अशी बांधली, तर तिसऱ्या पावसाळ्यात तिचा पाय सुटेल. हा लेख त्या चार-पाच गोष्टींविषयी आणि त्यांच्या मर्यादांविषयी आहे.

कुटलेली भिंत आणि रचलेली भिंत

आधी नावाचा घोळ मिटवू. मातीची भिंत करण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांतल्या दोन येथे महत्त्वाच्या. कुटलेल्या भिंतीसाठी माती जवळजवळ कोरडी, नुसती दमट घेतात. दोन्ही बाजूंनी भक्कम फळ्यांचा साचा उभा करून तिचे चार-सहा इंचांचे थर टाकतात आणि धुमसाने कुटून घट्ट करतात. माती पुरेशी दमट आहे का हे पाहण्याची जुनी खूण अशी, की मुठीत दाबून केलेला गोळा छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाकावा. तो चार-पाच तुकड्यांत फुटला तर माती योग्य. चपटा होऊन एकसंध राहिला तर पाणी जास्त, आणि भुगा झाला तर पाणी कमी. या भिंतीत चिकणमातीचे प्रमाण बेताचे आणि वाळू-बारीक खड्याचे जास्त लागते. साचा काढताक्षणी भिंत उभी राहते. मात्र साचाच मोठा खर्चाचा. तो फुगला, वाकला की भिंत वाकली.

रुद्रपूरची भिंत या जातीची नाही. तेथे माती, थोडा पेंढा आणि पाणी यांचा चिखल गाई-म्हशींकडून तुडवून घेतला. मग तो पायाच्या भिंतीवर साच्याशिवाय सुमारे ६५ सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोड्या अधिक उंचीचा रचला. काही दिवसांनी तो आवळून आला की बाहेर आलेला भाग धारदार फावड्याने तासून भिंत ओळंब्यात आणली. त्यानंतर आठवडाभर वाळू दिली आणि मग पुढचा थर. असे चार थर चढले. तिसऱ्या-चौथ्या थरात दारे-खिडक्यांच्या चौकटी व वरच्या आडव्या पट्ट्या बसवल्या, आणि माथ्यावर जाड बांबूंचे आडवे कडे फिरवले. आपल्याकडे चिखलाचे गोळे एकावर एक थापून भिंत चढवण्याची जी रीत आहे, तिची ही जवळची बहीण.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. साचा नसल्यामुळे भिंत गोल वळवता येते, गुहेसारखी पोकळ करता येते, आणि कारागिराला हात, पाय, फावडे एवढेच लागते. दिनाजपूरच्या माणसांना हे आधीपासून येत होते. साच्यात माती कुटण्याचे तंत्र तेथे नेले असते तर लाकूडही बाहेरून आणावे लागले असते आणि साचा लावणारा मिस्त्रीही. याची किंमत मात्र वेळात मोजावी लागते. चार थर, प्रत्येकाला तासण्याआधीचे काही दिवस आणि नंतरचा आठवडा धरला, तर केवळ भिंतीला दीड महिना लागतो, आणि तोही पाऊस नसताना. शाळेचे काम सप्टेंबर ते डिसेंबर २००५ या काळात झाले. हा मोसम सोयीने निवडलेला नाही, भिंतीनेच तो ठरवला. आपल्याकडे हीच गोष्ट दसरा ते शिमगा अशी सांगता येईल. ज्या सरकारी योजनेचा निधी फेब्रुवारीत येतो आणि ३१ मार्चपूर्वी खर्च व्हावा लागतो, त्या योजनेत ओल्या मातीची भिंत बसत नाही. घाईने एका आठवड्यात दोन थर चढवले तर खालचा थर वरच्याच्या भाराने पोट काढतो, आणि वाळताना आडवी भेग पडते. भिंतीच्या मध्यावर बाहेर आलेला फुगवटा दिसला, की घाई झाली असे समजावे.

भिंतीचा पाय

आता छायाचित्रात न येणारी पहिली गोष्ट. रुद्रपूरच्या आसपासची जुनी मातीची घरे पायाशिवाय, थेट जमिनीतून उठलेली असत. शाळेला मात्र ५० सेंटिमीटर खोल भाजक्या विटांचा पाया घातला आणि त्याला सिमेंटचा गिलावा केला. पाया आणि मातीची भिंत यांच्यामध्ये गावच्या बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिक कागदाचे दोन थर अंथरले. स्थानिक कारागिरीत नव्याने घातलेल्या गोष्टी मुख्यतः याच दोन. बांगलादेशाच्या गाळाच्या सपाटीवर दगड जवळजवळ नाही, म्हणून वीट. आपल्याकडे तिच्या जागी काळा पाषाण किंवा जांभा सहज येईल.

मातीच्या भिंतीचा खरा शत्रू वरून पडणारा पाऊस नसून खालून चढणारी ओल आहे. जमिनीतले पाणी केशाकर्षणाने भिंतीत फूट-दोन फूट चढते, हवेशी आल्यावर उडून जाते आणि सोबत आणलेले क्षार तेथेच ठेवते. क्षारांचे स्फटिक फुगले की मातीचा पापुद्रा सुटतो. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. पांढरी बुरशीसारखी रेघ, तिच्याखाली भुगा, आणि काही वर्षांनी आत खोल गेलेली खोबण अशी त्याची चाल असते. भिंतीचा वरचा भाग धडधाकट दिसतो आणि पाय मात्र अर्धा उरलेला असतो. एखादी भिंत अशी अवचित बसली की लोक म्हणतात, 'मातीचंच काम, ते टिकणार कसं!' पण ती माती म्हणून पडलेली नसते. तिच्या पायाशी पाणी अडवणारे काहीही नव्हते, म्हणून ती पडलेली असते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवणे हा तर उपाय म्हणून केलेला अपाय. सिमेंट ओल आत कोंडते, ती अजून वर चढते, आणि गिलाव्यामागची माती ओली होऊन गिलावा पत्र्यासारखा सुटून येतो. बोटाने ठोकून पाहिले की पोकळ आवाज येतो.

दुसरी बाजू वळचणीची. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून उलट उसळते आणि साधारण एक-दीड फुटापर्यंत भिंत भिजवते. म्हणून जोते तेवढे तरी उंच हवे, आणि छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आलेले हवे. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणात मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, कारण कौलारू छप्पर इतके खाली उतरवलेले असे, की माणूस वाकून पडवीत शिरे. पावसाच्या तोंडच्या बाजूला तर माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत. रुद्रपूरच्या शाळेला हे काम बांबूच्या वरच्या मजल्यावरून पुढे आलेला पत्रा करतो. तो बाजूने बराच वर आहे, त्यामुळे वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस खालच्या भिंतीला लागतोच. दुमजली मातीच्या इमारतीत वरचे छप्पर खालच्या भिंतीला पुरते राखू शकत नाही, ही या रचनेची पहिली मर्यादा.

भार कोठे ठेवला

मराठी माणसाच्या मनात मातीच्या घराविषयी जी भीती आहे, तिचे नाव किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, ती बहुतेक आपापल्या घरांत. त्यानंतर 'माती नको, सिमेंट द्या' ही मागणी इतकी स्वाभाविक होती, की तिच्याशी वाद घालणे उद्धटपणाचे वाटावे. तरी पडले काय आणि कसे, हे पाहिल्याशिवाय रुद्रपूरच्या शाळेचे मूल्यमापन पुरे होत नाही.

किल्लारी-सास्तूर भागातल्या घरांच्या भिंती मातीच्या गोळ्यांच्या नव्हत्या. चिखलात बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन पडद्या, मध्ये भरड, आणि दोन पडद्यांना बांधणारा आरपार दगड फारसा नाही, अशी ती रचना होती. वर लाकडी खणांवर मातीचे जाड माळवद. हिशेब करून पाहू. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दीड फूट माती असेल तर ती दीडशे घनफूट, म्हणजे सव्वाचार घनमीटर होते. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनापेक्षा थोडे अधिक धरले, तर त्या एका खोलीच्या डोक्यावर साडेसहा-सात टन ओझे होते. जमीन आडवी हलते तेव्हा प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या प्रमाणात धक्का देते. डोक्यावर सात टन आणि खाली सुटे दगड असले, की दोन पडद्या दोन बाजूंना उलटतात. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांबांवरचे खण उभे राहिले आणि भिंती तेवढ्या ढासळल्या, हेही तेव्हा पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे.

रुद्रपूरच्या शाळेत हा क्रम उलटा आहे. जड ते खाली, जमिनीलगत. हलके ते वर. तेवढ्याच दहा फुटी चौरसावर पत्रा आणि त्याखालचे बांबू मिळून काही शे किलो भरतील. दोन मजल्यांमधल्या तक्तपोशीत माती भरलेली आहे खरी, पण ती बांबूंच्या तीन थरांमध्ये आहे. मधला थर वरखालच्या थरांना काटकोनात घातला आहे, म्हणजे ती एका ताठ ताटासारखी वागते आणि चारी भिंतींचे माथे एकत्र धरते. शिवाय माथ्यावरचे बांबूचे कडे आहेच. मातीची भिंत दाब सोसते, ताण सोसत नाही. ताण घ्यायला हे कडे ठेवले आहे.

तरीही ही रचना कोठेही जशीच्या तशी चालेल असे नाही. मातीच्या इमारतींच्या भूकंपरोधासाठी भारतीय मानक १९९३ सालीच निघाले, त्याचा क्रमांक १३८२७. त्यातले साधे नियम असे, की भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून अधिक नको, दोन आडव्या भिंतींमधली लांबी जाडीच्या दहापटीहून अधिक नको, आणि दार-खिडकीची रुंदी १.२ मीटरच्या आत हवी. भूकंपाच्या तीव्र पट्ट्यांत तर मातीचा एकच मजला आणि वर फार तर माळा एवढीच मुभा आहे. हे आकडे आपल्या खोलीला लावून पाहू. वीस फूट लांबीची अंगणवाडीची खोली म्हणजे सहा मीटर. दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर जाडीची भिंत घेतली, तर तिची आधाराविना लांबी साडेचार मीटरच्या पुढे जाता कामा नये. म्हणजे मध्ये एक आडवी भिंत किंवा भिंतीला जोडून एक जाड टेकू द्यावा लागेल. जाडी दोन फूट केली तर सहा मीटर चालतील, पण माती तिसऱ्या हिश्श्याने वाढेल आणि भिंत वाळायला अधिक दिवस लागतील. रुद्रपूरच्या वर्गांमागच्या त्या गुहा मुलांच्या खेळासाठी आहेत हे खरेच. पण वळणाची भिंत सरळ भिंतीपेक्षा सहज उलटत नाही. कागदाची पट्टी सरळ उभी राहत नाही, वळवली की राहते, तसेच हे. याच गावात याच वास्तुरचनाकार स्त्रीने पुढे 'आनंदालय' नावाची अपंगांसाठीची इमारत केली. तिच्यात वळत वर जाणारा उताराचा रस्ता आहे. २०२० साली तिलाही मोठा पुरस्कार मिळाला. तेथली वळणे शाळेच्या गुहांतूनच आलेली आहेत, असे मला वाटते.

बांबूचा मजला

वरच्या मजल्यावर बांबूंच्या चौकटी आहेत. प्रत्येक तुळई चार बांबू एकावर एक घेऊन केलेली, तिला उभे आणि तिरपे बांबू. सांध्यांवर पोलादी खिळ आणि नायलॉनच्या दोरीची बांधणी. पोलाद आणि नायलॉन हे शब्द छायाचित्राखाली कधी येत नाहीत.

चार बांबू एकावर एक का? एकट्या बांबूला मोठा गाळा पेलत नाही. पण नुसते चार बांबू रचून दोरीने आवळले तर ते चारच बांबू राहतात. भार आला की एकमेकांवरून सरकतात, आणि ताकद फक्त चौपट होते. त्यांना आरपार खिळीने एकत्र जखडले आणि तिरप्या बांबूंनी चौकटीत अडकवले, की ते एका खोल तुळईसारखे वागू लागतात आणि ताकद चौपटीच्या बरीच पुढे जाते. म्हणजे तुळईचा जीव बांबूत कमी आणि सांध्यात जास्त आहे. बांबूचा धागा लांबीच्या दिशेने ओढीला फार चिवट, पण आडवा जोर आला की तो उभा चिरतो. खिळा ठोकला की चिरतो, म्हणून भोक गिरमिटाने पाडावे लागते. भोकाच्या पुढे टोकाकडे एक तरी पेर असावे, नाहीतर खिळ धागा फाडत बाहेर येते. आणि दोन्ही बाजूंनी दोरी हवी, ती या चिरण्याला अडवते. बांबू ओला असताना आवळलेली दोरी तो वाळून आकसला की सैल पडते. म्हणून वाळलेलाच बांबू वापरावा, आणि पहिला उन्हाळा सरल्यावर सारे सांधे पुन्हा तपासून ताणावेत. काथ्या दमट हवेत ढिला पडतो, नायलॉन उन्हात कुजतो. दोन्ही दोऱ्या सावलीत ठेवल्या तरच टिकतात.

आपल्याकडचा मानवेल भरीव आणि चिवट, पण बारीक. कोकणातला माणगा भरीव आणि बिनकाट्याचा. मोठ्या जाडीचा लांब नग हवा तर पोकळ कळकाकडे जावे लागते, आणि पोकळ बांबू खिळीच्या जागी चेपतो. तेव्हा रुद्रपूरची तुळई आपल्या बांबूत जशीच्या तशी उतरवता येणार नाही. बांबू पाहून गाळा ठरवावा लागेल, गाळा ठरवून बांबू नव्हे.

बांबूचे दुसरे दुखणे म्हणजे कीड. बांबूतल्या पिष्टावर भुंगा येतो. तुळईखाली पिठासारखी पिवळट भुकटी पडलेली दिसली आणि वर टाचणीएवढी भोके दिसली, की तो आत आहे. कोवळा बांबू, किंवा नवे कोंब फुटण्याच्या मोसमात तोडलेला बांबू, त्याला फार आवडतो. म्हणून तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू घ्यावा. बुरूड तो रंग पाहून आणि ठोकून ओळखतात. वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवण्याची जुनी रीत पिष्ट धुऊन काढते. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवण्याची नवी रीत कीड दूर ठेवते, पण हे क्षार पावसाने धुऊन जातात. म्हणजे औषध दिलेला बांबूही छपराबाहेर उघडा ठेवला तर वाया. काही न करता मातीत रोवलेला बांबू एक ते तीन वर्षांत कुजतो. छपराखाली, जमिनीपासून सुटा असेल तर चार ते सहा. औषध करून नीट राखला तर दहा-पंधरा वर्षे आणि पुढेही चालतो.

कोकणातल्या एका गावी मी बांबूचा एक सुंदर मंडप पाहिला होता. त्याचे खांब मजबुतीसाठी म्हणून थेट काँक्रीटमध्ये पुरले होते. बांबू आकसला, काँक्रीट आणि बांबू यांच्यामध्ये फट पडली, फटीत पाणी साठले, आणि खांब नेमके काँक्रीटच्या तोंडाशी काळे होऊन मऊ पडले. चाकूचे टोक अर्धा इंच आत जात होते. वरून सगळे पिवळेधमक. रुद्रपूरमध्ये बांबू कोठेही जमिनीला टेकत नाही, तो मातीच्या मजल्यावर, छपराखाली बसतो. या शाळेतली बांबूची सर्वांत शहाणी गोष्ट ही, आणि ती छायाचित्रातही दिसते. फक्त तिच्याकडे कोणी पाहत नाही.

पत्र्याबद्दल एक शब्द. पत्रा हलका आहे, गळत नाही, गावात मिळतो. पण उन्हाळ्यात तो तापतो, आणि जोराचा पाऊस आला की त्याखाली शिक्षकाचा आवाज मागच्या रांगेत पोचत नाही. वरचा मजला चहूकडून वाऱ्याला मोकळा ठेवल्यामुळे उष्मा काहीसा निघून जातो, आवाजाला मात्र तो उपाय नाही. वर गवत किंवा कौल घेतले तर वजन आणि देखभाल वाढते. येथे निवड करावीच लागते, आणि रुद्रपूरने हलकेपणा निवडला. मला ती निवड बरोबर वाटते, पण ती निवड आहे हे मांडले पाहिजे.

सारवणार कोण?

शेवटचा मुद्दा भिंतीचा नाही, माणसांचा आहे. आपल्या जुन्या मराठी गावात वस्तीच्या जागेला पांढरी आणि शेताला काळी म्हणत. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, तिची भिंत होत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची पांढरी माती राखेने आणि चुनखडीने मिळून आलेली असते, ती कमी फुगते. म्हणून भिंती पांढरीच्या. या मातीसाठी जुनी टेकाडे खणली गेली आणि त्यांत गाडलेला इतिहासही गेला, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण ती भिंत दर वर्षी सारवून, पोतेरा देऊन, पावसाळ्याआधी भेगा लिंपून कोण राखत होते? घरातली बाई. तिच्या श्रमाची नोंद कोठेच झाली नाही, आणि आपण मात्र म्हणत राहिलो की मातीचे घर स्वस्त असते.

शाळा हे कोणाचे घर नव्हे. सार्वजनिक इमारतीची दरवर्षीची लिंपणी कोण करणार, हा प्रश्न मातीच्या बाजूने लिहिणारे टाळतात. रुद्रपूरला तो काही प्रमाणात सुटला, कारण शाळा एका संस्थेची आहे, गवंडी त्याच गावचे आहेत आणि बांधताना ते शिकले. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला दुरुस्तीच्या खात्यात 'माती लिंपणे' असा मदच नाही. सिमेंटच्या इमारतीकडे दहा वर्षे पाहिले नाही तरी ती उभी राहते, मग एकदम खराब होते. मातीच्या इमारतीला दरवर्षी थोडे लागते, पण ते दरवर्षी लागते. दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय 'स्वस्त' हा शब्द कोणालाच वापरता येणार नाही.

तेव्हा रुद्रपूरच्या शाळेविषयी माझा निकाल असा. ती उत्तम इमारत आहे, आणि तिचे उत्तमपण साधेपणात नसून मिश्रणात आहे. वीट, सिमेंट, प्लास्टिक कागद, पोलादी खिळ, नायलॉन आणि पत्रा या सहा परक्या वस्तू नेमक्या तेथेच आहेत, जेथे माती आणि बांबू हरतात; बाकी सगळीकडे माती आणि बांबूच आहेत. आपल्याकडे कोणी तिच्यावरून प्रेरणा घेणार असेल, तर एक मजली खोली, पाषाणाचे वा जांभ्याचे दीड फूट जोते, त्यावर ओल अडवणारा थर, दोन फूट जाडीची भिंत, माथ्यावर कडे, तीन फूट पुढे आलेले हलके छप्पर आणि जमिनीपासून सुटा बांबू, एवढे धरावे. काम दसऱ्यानंतर सुरू करावे. आणि अंदाजपत्रक करतानाच त्यात दर मे महिन्याच्या लिंपणीचे आणि सांधे ताणण्याचे पैसे, ते काम करणाऱ्या बाईच्या किंवा बुवाच्या नावासकट, लिहून ठेवावेत.